कोठीमागे अठरा रुपये कुठे गेले?

भाईंदरच्या कारखान्यातून स्टीलची कोठी ७०० रुपयांना घ्यायची, वीस टक्के चढवून ८४० रुपये भाव सांगायचा, जीएसटी वेगळा. कोल्हापुरातला भांड्यांचा छोटा घाऊक व्यापारी हा हिशेब तोंडी करतो आणि नगामागे १४० रुपये सुटले असे धरून चालतो. आता तीच कोठी कुडाळच्या दुकानदाराकडे जाते तेव्हा काय होते ते पाहू. दुकानदार नेहमीचा आहे, त्याला पाच टक्के सूट. ८४० चे ७९८ झाले. त्याने आठवड्यात पैसे दिले म्हणून आणखी दोन टक्के कॅश डिस्काउंट, म्हणजे बाजारात ज्याला सीडी म्हणतात ती. उरले ७८२ रुपये ४ पैसे. भाईंदरहून कोठी कोल्हापुरात आली तेव्हा भाडे आणि हमाली मिळून नगामागे ६० रुपये लागले होते. घाट उतरून कुडाळला पोहोचवायला आणखी ४० लागले. खरेदीचे ७०० आणि हे शंभर वजा केले की हिशेब उणे येतो. नगामागे जवळजवळ अठरा रुपये खिशातून गेले.

आकडे नमुन्याचे आहेत, पण हिशेबाची ही चाल मी अनेक दुकानांत पाहिली आहे. यात कोणी फसवलेले नसते. सूट, भाडे, सीडी या गोष्टी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वहीत उमटतात आणि भाव मात्र खरेदीच्या दिवशीच ठरून गेलेला असतो. एक्सेलच्या एका पानावर हे सगळे एकाखाली एक मांडता येते. पान छोटे असते, पण ते कोणत्या क्रमाने मांडायचे आणि कोणता आकडा कशातून वजा करायचा, इथेच बहुतेक पाने बिघडतात.

पहिला प्रश्न पडतळीचा. माल आपल्या गोदामात येऊन पडला तेव्हा नग कितीला पडला? खरेदीचा भाव बिलावर असतो, भाड्याचा आकडा मात्र सगळ्या मालाचा मिळून एकच येतो. समजा एका खेपेत दहा बॉक्स आले. आठ बॉक्समध्ये प्रत्येकी पाच अशा चाळीस कोठ्या, आणि दोन बॉक्समध्ये दोनशे डझन चमचे. चमचे १८० रुपये डझन. भाडे आणि हमालीचे एकूण ३,००० रुपये झाले. हे तीन हजार वाटायचे कसे?

बहुतेक जण किमतीच्या प्रमाणात वाटतात, कारण तो आकडा हाताशी असतो. एकूण खरेदी ६४,००० रुपये, त्यावर ३,००० भाडे, म्हणजे ४.६९ टक्के. सगळ्या मालावर सारखेच टक्के लावले की कोठीला ३२ रुपये ८१ पैसे आणि चमच्यांच्या डझनाला ८ रुपये ४४ पैसे येतात. दिसायला नीटनेटके, पण चूक. ट्रान्सपोर्टवाल्याने भाडे किमतीवर घेतलेले नाही, बॉक्सवर घेतले आहे. एकाच मापाच्या कोठ्या एकात एक बसत नाहीत. आत हवा असली तरी जागा त्या पूर्ण घेतात. चमच्यांचा बॉक्स मात्र ठासून भरलेला असतो. बॉक्सप्रमाणे वाटले तर आठ बॉक्सचे २,४०० रुपये चाळीस कोठ्यांवर पडतात, म्हणजे नगामागे ६० रुपये, आणि चमच्यांना डझनामागे अवघे ३ रुपये.

किमतीच्या प्रमाणात वाटणारा व्यापारी कोठी सत्तावीस रुपयांनी स्वस्त समजतो आणि चमचे साडेपाच रुपयांनी महाग. मग कोठ्या झपाट्याने खपतात, चमच्यांचे गिऱ्हाईक शेजारी जाते, आणि वर्षाच्या शेवटी उलाढाल वाढूनही गल्ल्यात काही दिसत नाही. म्हणून ज्या मापावर भाडे आकारले गेले त्याच मापावर ते वाटायचे, हा नियम मी सोडत नाही. भाडे वजनावर असेल तर वजनावर, बॉक्सवर असेल तर बॉक्सवर. एक्सेलमध्ये आवक मालासाठी वेगळे पान करावे. त्यात B1 मध्ये एकूण भाडे, C या रकान्यात बॉक्स आणि D मध्ये नग लिहिले की सूत्र असे होते:

```
=$B$1*C4/SUM($C$4:$C$5)/D4
```

डॉलरच्या खुणा इथे फार महत्त्वाच्या आहेत. सूत्र खाली ओढले की एक्सेल प्रत्येक पत्ता एकेक ओळ खाली सरकवतो. ज्या पत्त्यावर डॉलर आहे तो जागचा हलत नाही. B1 वरचा डॉलर विसरला तर दुसऱ्या ओळीत भाडे रिकाम्या घरातून उचलले जाते आणि शून्य येते. एक्सेल कुठलीही तक्रार करत नाही, कारण शून्य हाही आकडाच आहे. म्हणून खाली एका घरात उलटा हिशेब ठेवावा: प्रत्येक नगाचे भाडे गुणिले नग, सगळ्यांची बेरीज. ती तीन हजार आली तर वाटप बरोबर. कीबोर्डवर Ctrl आणि ` ही कळ दाबली तर आकड्यांऐवजी सगळी सूत्रे उघडी दिसतात, त्यातही सरकलेला पत्ता लगेच डोळ्यांत भरतो.

आता मुख्य पान. वरच्या भागात फक्त हाताने भरायचे आकडे, पिवळ्या रंगात: B1 मध्ये तारीख, B2 मध्ये करावेगळा खरेदी भाव (७००), B3 आवक भाडे (६०), B4 जावक भाडे (४०), B5 सूट (५ टक्के), B6 सीडी (२ टक्के), B8 मध्ये आपल्याला हवा असलेला नफा. B7 मध्ये जीएसटीचा दर येतो, पण तो हाताने भरायचा नाही. त्याकडे पुढे येऊ.

नफा किती टक्के हवा, हे ठरवताना तो कशाचे टक्के, हेही ठरवावे लागते. शंभराची वस्तू सव्वाशेला विकली तर खरेदीवर पंचवीस टक्के चढले, पण विक्रीच्या सव्वाशेतले पंचवीस म्हणजे वीसच टक्के. दुकानभाडे, पगार, वीज हे सगळे विक्रीच्या पैशांतून भागवायचे असते, म्हणून मार्जिन विक्रीवर मोजलेले बरे. आणि विक्री म्हणजे छापील भाव नव्हे, तर सगळ्या सुटी जाऊन हातात पडलेली, करावेगळी रक्कम. समजा व्यापाऱ्याला या रकमेवर १२ टक्के हवेत. आपला खर्च ७०० अधिक ६० अधिक ४०, म्हणजे ८००. मिळणाऱ्या शंभरातले बारा आपले, उरलेले अठ्ठ्याऐंशी खर्चाचे. म्हणून ८०० ला ०.८८ ने भागायचे. ८०० वर बारा टक्के चढवले असते तर ८९६ आले असते. भागल्यावर ९०९ रुपये ९ पैसे येतात. हा तेरा रुपयांचा फरक गुणाकार की भागाकार एवढ्यावरून पडतो.

९०९ हातात पडायला हवेत, तर भाव किती सांगायचा? इथेही मागे जायचे. सूट आणि सीडी एकापाठोपाठ एक लागतात, त्यामुळे त्यांची बेरीज करून चालत नाही. पाच टक्के गेल्यावर ०.९५ उरते, त्यातून दोन टक्के गेल्यावर ०.९३१. ९०९.०९ भागिले ०.९३१ म्हणजे ९७६ रुपये ४७ पैसे. बाजारात असा भाव कोणी सांगत नाही, म्हणून तो वरच्या दहाला नेऊन ९८० करायचा. सूत्रे अशी:

```
B10: =(B2+B3+B4)/(1-B8)
B11: =B10/((1-B5)*(1-B6))
B12: =CEILING(B11,10)
B13: =B12*(1-B5)*(1-B6)
B14: =(B13-B2-B3-B4)/B13
```

B12 हा सांगायचा भाव, B13 हातात पडणारी रक्कम आणि B14 खरे मार्जिन. ९८० च्या भावाला हातात ९१२ रुपये ३८ पैसे येतात, त्यात नफा ११२ रुपये ३८ पैसे, म्हणजे १२.३ टक्के. B12 मधले सूत्र पुसून तिथे कोणताही भाव टाकला, की B14 लगेच सांगतो की त्या भावात काय उरते. पुष्कळदा बाजार ९८० देत नाही आणि घासाघीस करावी लागते. तेव्हा हेच घर उपयोगी पडते. या सुटी आणि हे भाडे धरून ८६० च्या खाली भाव आला की नफा संपतो. ८४० वर विकणारा आपला व्यापारी या रेषेच्या वीस रुपये खाली होता.

कराकडे आता येतो. नोंदणीकृत व्यापाऱ्याने खरेदीवर भरलेला जीएसटी त्याला विक्रीच्या करातून वळता करता येतो, म्हणून तो पडतळीत धरायचा नाही. कोठीचे बिल ७३५ चे असले तरी B2 मध्ये ७०० च. भाड्यावरच्या कराचे क्रेडिट मिळत असेल तर तेही करावेगळेच धरावे. मात्र पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरले नाही तर ते क्रेडिट अडकते, आणि ३५ रुपये काही काळ किंवा कायमचे आपल्या अंगावर राहतात. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याचे गणित वेगळेच असते. त्याला क्रेडिट मिळत नाही, म्हणून त्याची खरेदी ७३५ ची. त्याला गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, वर उलाढालीवर एक टक्का स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. त्याच्यासाठी पान वेगळे करावे, एकाच पानात दोन्ही कोंबू नये.

कराचा दर सूत्रात लिहू नये, हे २२ सप्टेंबर २०२५ ने भांडी बाजाराला चांगलेच दाखवून दिले. त्या दिवसापासून स्टीलच्या भांड्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. ज्यांनी प्रत्येक ओळीत 1.12 टाइप करून ठेवले होते त्यांना एकेक ओळ शोधून बदलावी लागली, आणि जी सुटली तिच्यातून चुकीचे भाव बाहेर गेले. दरांसाठी Rates नावाचे वेगळे पान ठेवले, त्यात तारखा आणि दर चढत्या क्रमाने लिहिले, की B7 मध्ये एवढेच पुरते:

```
=LOOKUP(B1,Rates!A2:A3,Rates!B2:B3)
```

A2 मध्ये १ एप्रिल २०२५ आणि शेजारी १२ टक्के, A3 मध्ये २२ सप्टेंबर २०२५ आणि शेजारी ५ टक्के. मग ऑगस्टचा जुना भाव पुन्हा काढला तर बारा लागतात आणि ऑक्टोबरचा काढला तर पाच. पुढे दर बदलला तर एक ओळ वाढवायची आणि सूत्रातली व्याप्ती तेवढी लांबवायची. कुडाळला सीजीएसटी आणि एसजीएसटी अडीच-अडीच टक्के लागतात, पणजीच्या दुकानदाराला माल गेला तर पाच टक्के आयजीएसटी. बेरीज तीच, त्यामुळे किमतीच्या पानावर फरक पडत नाही. गोव्यासाठी बदलायचे ते जावक भाडे.

बिलावर दाखवलेली सूट कर काढण्याआधी वजा होते. ९८० मधून पाच टक्के गेल्यावर ९३१, त्यावर ४६ रुपये ५५ पैसे कर, बिल ९७७ रुपये ५५ पैशांचे. सीडीचे तसे नाही. ती पैसे देताना कापली जाते, आणि दुकानदार दोन टक्के कापतो ते बिलाच्या पूर्ण रकमेवर, करासकट. म्हणजे १८ रुपये ६२ पैशांऐवजी १९ रुपये ५५ पैसे. त्यासाठी जीएसटीसह क्रेडिट नोट काढली नाही, तर वरचे ९३ पैसे आपले जातात. नगामागे ही रक्कम किरकोळ, पण अठरा टक्क्यांच्या मालावर ती तिप्पटचौपट होते. अशी पद्धत असेल तर B11 आणि B13 या दोन्ही सूत्रांत (1-B6) च्या जागी (1-B6*(1+B7)) लिहावे.

आणखी एक घोटाळा करासकट भावात होतो. दुकानदार म्हणतो, ‘सूटबीट नको, सगळं धरून नऊशेला द्या.’ व्यापारी मनात पाच टक्के वजा करतो आणि ८५५ धरतो. बरोबर उत्तर ९०० भागिले १.०५, म्हणजे ८५७ रुपये १४ पैसे. पाच टक्क्यांच्या मालात ही चूक दोन रुपयांची आहे. अठरा टक्क्यांच्या हजार रुपयांच्या वस्तूत मात्र ती ८२० आणि ८४७ इतकी रुंदावते, आणि होणारा सौदा आपण तोट्याचा समजून सोडून देतो. वरच्या नऊशेच्या सौद्यात ८०० खर्च जाऊन ५७ रुपये उरतात, पावणेसात टक्क्यांच्या आसपास. घ्यायचा की नाही हे व्यापाऱ्याने ठरवावे, पण आकडा समोर ठेवून.

जावक भाडे हा पानावरचा सर्वांत चंचल आकडा आहे. कुडाळला बॉक्समागे २०० रुपये लागतात आणि बॉक्समध्ये पाच कोठ्या बसतात, म्हणून नगामागे ४०. पण दुकानदाराने सहा कोठ्या मागितल्या तर सहावीसाठी दुसरा बॉक्स बांधावा लागतो आणि त्याचे पूर्ण भाडे पडते. दोन बॉक्सचे ४०० रुपये सहा नगांवर, नगामागे ६६ रुपये ६७ पैसे. त्याच ९८० च्या भावात मार्जिन बारावरून साडेनऊच्या खाली येते. म्हणून B4 मध्ये ठरीव चाळीस न लिहिता, E1 मध्ये मागणीचे नग, E2 मध्ये बॉक्समध्ये मावणारे नग आणि E3 मध्ये बॉक्सचे भाडे घेऊन हे सूत्र लिहावे:

```
=ROUNDUP(E1/E2,0)*E3/E1
```

हे पान समोर असले की फोनवरच सांगता येते, ‘साहेब, सहा नको, पाच घ्या नाहीतर दहा घ्या, भाव धरून देतो.’ माल टू-पे बिल्टीवर जात असेल, म्हणजे भाडे दुकानदार माल सोडवताना देणार असेल, तर E3 शून्य. भाडे आपण भरून बिलात लावणार असू, तर ते मालाच्या किमतीतच धरले जाते आणि त्यावर मालाच्याच दराने जीएसटी लागतो. चाळीस रुपयांचे भाडे बिलावर बेचाळीस होते. ते दोन रुपये भरायचे विसरले तर पुढे व्याजासह भरावे लागतात.

पान वापरायला मुलगा किंवा सेल्समन बसला की चुका वेगळ्याच होतात. टक्क्यांच्या घराला आधी टक्क्यांचे स्वरूप दिलेले नसेल तर 5 लिहिल्यावर एक्सेल ते पाचशे टक्के धरतो, आणि भाव एकदम उणे येतो. ही चूक निदान दिसते तरी. 0.5 लिहिले तर पन्नास टक्के सूट धरली जाते आणि भाव दुपटीच्या जवळ जातो, तो मात्र घाईत कळत नाही. Data मेनूतल्या Data Validation मध्ये सूट शून्य ते ०.२५ च्या दरम्यानच असावी असे बंधन घालावे. सूत्रांची घरे कुलूपबंद करावीत, पिवळी तेवढी उघडी ठेवावीत. व्हॉट्सअॅपवरून किंवा दुसऱ्या प्रोग्राममधून चिकटवलेले आकडे कधीकधी मजकूर म्हणून येतात. ते घराच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसतात आणि SUM त्यांना मोजत नाही. आवक पानावरची तीन हजारांची पडताळणी अशा वेळी कामाला येते.

या पानावर जे नाही, त्यात सर्वांत मोठी उधारी. कोकणातला बराच व्यवहार नव्वद दिवसांवर चालतो. ओव्हरड्राफ्टचे व्याज वर्षाला बारा टक्के धरले, तर कोठीत अडकलेल्या ८०० रुपयांचे नव्वद दिवसांचे व्याज असे निघते:

```
=(B2+B3+B4)*12%*90/365
```

उत्तर २३ रुपये ६७ पैसे. भाईंदरचा कारखानदार आपल्याला तीस दिवस देत असेल तर खरेदीच्या ७०० पुरते तेवढे दिवस कमी धरायचे. ९८० च्या भावात सीडी जाते १८ रुपये ६२ पैशांची. म्हणजे जो दुकानदार तीन महिने लावतो त्याला दोन टक्के देऊन पैसे लगेच घेतलेले परवडतात. हिशेब साधारण एकाहत्तर दिवसांवर बरोबरीत येतो. जो सीडी नसतानाही महिन्याभरात पैसे पाठवतो, त्याला दिलेली सीडी मात्र नगामागे दहा रुपयांवर महागात पडते. त्यामुळे दुकानदारांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे मागच्या वर्षी पैसे यायला सरासरी किती दिवस लागले, तो आकडा भरून ठेवावा. सीडी कोणाला द्यायची हे त्या रकान्यावरून ठरवता येते.